वायुकोशाची तुटलेली भिंत: तंबाखूच्या धुरावरील प्रदर्शन-फलक कसा तयार करावा

तंबाखूच्या धुराचे दुष्परिणाम हा विषय विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी येतो आणि बहुतेक वेळा त्याचे चित्र एकच असते: डावीकडे गुलाबी फुप्फुस, उजवीकडे काळे फुप्फुस आणि मधोमध पेटती सिगारेट. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या प्रदर्शनात आमच्या विद्यार्थिनीने असाच फलक मांडला होता. परीक्षकांनी तिला शांतपणे विचारले, "काळे झाले हे दिसते आहे, पण बिघडले नेमके काय? काळे फुप्फुस श्वास घेऊ शकत नाही का?" तिच्याकडे उत्तर नव्हते आणि खरे सांगायचे तर तिला शिकवणाऱ्या माझ्याकडेही त्या क्षणी नीट उत्तर नव्हते. काळा रंग हा धुरातील कण साचल्याची खूण असतो, परंतु माणसाला जिना चढताना धाप लागते ती रंगामुळे नाही, तर वायुकोशांच्या भिंती नाहीशा झाल्यामुळे लागते. या आजाराला एम्फिसीमा म्हणतात. पुढे सांगितलेला फलक हीच एक गोष्ट दाखवण्यासाठी आहे. इयत्ता सातवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना तो साधारण पाच-सहा तासिकांत पूर्ण करता येतो.

आधी विषय स्वतःला समजावून घ्यावा

श्वासनलिकेच्या दोन शाखा होतात, त्या पुन्हापुन्हा विभागत बारीक होत जातात आणि शेवटी वायुकोशांच्या झुबक्यांशी संपतात. एका वायुकोशाचा व्यास सुमारे ०.२ मिलिमीटर असतो आणि प्रौढ माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून असे काही कोटी, साधारणपणे तीस ते पन्नास कोटी, वायुकोश असतात. त्यांच्या भिंतींत केशवाहिन्यांचे जाळे असते आणि ऑक्सिजनला हवेतून रक्तात जाण्यासाठी जे अंतर पार करावे लागते ते अनेक ठिकाणी एका मायक्रोमीटरहूनही कमी असते. या सर्व भिंती पसरून ठेवता आल्या, तर त्यांचा पृष्ठभाग ढोबळमानाने बॅडमिंटनच्या मैदानाएवढा भरेल. छातीएवढ्या जागेत एवढा पृष्ठभाग मावतो, कारण ती जागा असंख्य लहान खोल्यांत विभागलेली असते. खोल्यांमधल्या भिंती काढल्या तर जागा तेवढीच राहते, मात्र पृष्ठभाग घटतो. विद्यार्थ्याला हे एक वाक्य स्वतःच्या शब्दांत सांगता येईपर्यंत कागदाला पेन्सिल लावू देऊ नये.

भिंत तुटते कशी, हा पुढचा प्रश्न. धूर वायुकोशांत पोहोचला की तेथील भक्षकपेशी त्यातील कण गिळू लागतात आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींना बोलावणारे रासायनिक संदेश सोडतात. न्यूट्रोफिलजवळ इलॅस्टेज नावाचे विकर असते. त्याचा उपयोग जंतूंविरुद्ध होतो, पण ते वायुकोशाच्या भिंतीतील इलॅस्टिन हे ताणले जाणारे प्रथिनही तोडते. एरवी या कात्रीवर टोपण घालण्याचे काम रक्तातून येणारे अल्फा-१ अँटीट्रिप्सिन हे प्रथिन करते. धुराने येथे दुहेरी घात होतो: कात्र्यांची संख्या वाढते आणि धुरातील ऑक्सिडीकारक द्रव्यांमुळे टोपणही निकामी होते. कात्रीची ही कल्पना ज्या निरीक्षणातून पुढे आली ते फलकावर एका ओळीत लिहिण्याजोगे आहे. १९६३ मध्ये स्वीडनमधील लॉरेल आणि एरिकसन यांना काही लोकांच्या रक्तात हे संरक्षक प्रथिन जवळजवळ नसल्याचे आढळले आणि त्यांतील काहींना तरुण वयातच एम्फिसीमा झाला होता. टोपण जन्मतःच नसेल तर भिंती तुटतात, हे त्यातून दिसले.

साहित्य

पांढरी कार्डशीट, बाजारात मिळते ती २२ × २८ इंचांची, एक पुरते. याखेरीज पेन्सिल, चांगला खोडरबर, कंपास, ट्रेसिंग पेपर, काळे व लाल स्केचपेन आणि फिकट गुलाबी रंग लागतो. प्रात्यक्षिकासाठी एक लिटरच्या दोन सारख्या पारदर्शक बाटल्या, भांडी घासण्याचा द्रवसाबण, एक फुगा, फुगे भरण्याचा हातपंप, अर्ध्या लिटरची दुधाची रिकामी पिशवी, दोन्ही बाजूंनी उघड्या असलेल्या बॉलपेनच्या दोन जाड नळ्या, रबरबँड आणि चिकटपट्टी घ्यावी. दुधाची पिशवी सुचवण्याचे कारण असे, की महाराष्ट्रात २०१८ पासून कॅरीबॅगवर बंदी आहे आणि शाळेच्या टेबलावर ती ठेवली की परीक्षक आधी तिच्याविषयी बोलतात. पिशवी साबणाने धुवून, उलटी टांगून पूर्ण वाळवावी. आत दूध राहिले तर दुसऱ्या दिवशी टेबलाजवळ कोणी थांबत नाही.

मुख्य आकृती: एकाच चित्राच्या दोन प्रती

बहुतेक पुस्तकांत वायुकोश द्राक्षांच्या घडासारखे बाहेरून दाखवलेले असतात. ते चित्र सुंदर असते, परंतु आपल्या कामाचे नाही, कारण बाहेरून पाहिल्यावर आतल्या भिंती दिसतच नाहीत. आपल्याला छेद काढायचा आहे. कार्डशीट आडवी ठेवून तिच्या मधल्या भागात १६ सेंटीमीटर व्यासाची दोन वर्तुळे शेजारीशेजारी काढावीत. डाव्या वर्तुळात पोळ्यासारखे षटकोनी कप्पे भरावेत आणि समोरासमोरच्या बाजूंमधील अंतर सुमारे १.६ सेंटीमीटर ठेवावे. असे साधारण ऐंशी ते नव्वद कप्पे बसतात. खऱ्या वायुकोशाचा व्यास ०.२ मिलिमीटर धरला तर आपले चित्र सुमारे ८० पट मोठे आहे. वर्तुळाखाली तसे लिहावे. षटकोन अगदी काटेकोर नसले तरी चालते. खरे वायुकोश षटकोनी नसतात, त्यांचे एक तोंड हवेच्या वाटेकडे उघडे असते आणि ही चित्र सोपे करण्यासाठी घेतलेली सूट आहे, हे विद्यार्थ्याला माहीत असले म्हणजे झाले.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी. उजव्या वर्तुळात नवे चित्र काढू नये. डाव्या वर्तुळाची हुबेहूब नक्कल ट्रेसिंग पेपरने उजवीकडे उतरवावी, ती पेन्सिलीनेच ठेवावी आणि मग खोडरबराने काही भिंती पुसाव्यात. तीन ते सहा शेजारी कप्पे एकत्र होऊन वाकडीतिकडी मोठी पोकळी तयार होईल, असे करत करत वीसेक पोकळ्या उराव्यात. पुसताना काही भिंतींची दोन-तीन मिलिमीटरची टोके तशीच सोडावीत. सूक्ष्मदर्शकाखाली एम्फिसीमाच्या छेदात अशी तुटकी टोके पोकळीत अधांतरी दिसतात, आणि फलकाजवळ आलेल्या माणसालाही येथे आधी भिंत होती हे त्याच टोकांवरून कळते. मुले या पायरीवर एक चूक हमखास करतात: खराब झालेले दाखवायचे म्हणून उजवीकडच्या उरलेल्या भिंती जाड आणि काळ्या करतात. त्यामुळे चित्राचा अर्थ उलटा होतो आणि पाहणाऱ्याला वाटते की वायुकोश चोंदले आहेत. दोन्हीकडच्या रेषा एकाच जाडीच्या ठेवाव्यात.

त्यानंतर प्रत्येक भिंतीवर लाल स्केचपेनने दोन-तीन ठिपके द्यावेत, त्या केशवाहिन्या. उजवीकडे जेथे भिंत नाही तेथे ठिपकाही नसेल, आणि हवेसोबत रक्ताची वाटही नाहीशी झाली हे वेगळे लिहावे लागणार नाही. काळा रंग अजिबात वापरू नये असे नाही. उजव्या वर्तुळात भक्षकपेशींच्या जागी चार-पाच करडे ठिपके योग्य ठरतील, पण त्याहून अधिक नकोत.

भिंती मोजून दाखवणे

या आकृतीचा फायदा असा, की तिच्यावर गणित करता येते. आमच्या फलकावर डाव्या वर्तुळात कडेची रेषा सोडून सुमारे २७० लहान भिंती झाल्या होत्या. षटकोनाची एक बाजू सुमारे ०.९२ सेंटीमीटर होती, म्हणजे एकूण भिंत जवळजवळ २५० सेंटीमीटर भरली. उजवीकडे मुलांनी १२० भिंती पुसल्या आणि १५० उरल्या, त्यांची लांबी सुमारे १४० सेंटीमीटर. वर्तुळ तेच आणि आतली जागाही तीच, मात्र भिंत निम्म्याहून थोडी अधिक उरली. हे दोन आकडे वर्तुळांखाली मोठ्या अक्षरांत लिहावेत आणि शेजारी त्याच लांबीचे दोन लाल दोरे खालच्या कडेला अडकवून लोंबते सोडावेत. अडीच मीटरचा दोरा टेबलावरून खाली जमिनीवर वेटोळे घालतो आणि आकडा न वाचणाऱ्यालाही फरक कळतो. मात्र "धूम्रपानाने ४४ टक्के वायुकोश नष्ट होतात" असे कोठेही लिहू नये. हे मोजमाप आपल्या चित्राचे आहे, रुग्णाचे नव्हे. आकृतीखाली "हे प्रमाण केवळ नमुन्यादाखल" अशी ओळ हवीच. आमच्या एका गटाने ती ओळ गाळली आणि एका पालकांनी तो आकडा खरा समजून वहीत उतरवून घेतला होता.

दोन लहान आकृत्या

मुख्य वर्तुळांच्या वर, डाव्या कोपऱ्यात फुप्फुसांची तळहाताएवढी रेखाकृती काढून तेथून एक बारीक रेषा डाव्या वर्तुळापर्यंत न्यावी, म्हणजे आपण शरीरात नेमके कोठे पाहत आहोत हे कळते. या आकृतीवर वेळ घालवू नये.

खाली चार चौकटींची पट्टी करावी. पहिल्या चौकटीत भिंतीजवळ धुराचे कण आणि भक्षकपेशी, दुसऱ्या चौकटीत केशवाहिनीतून बाहेर येणारी न्यूट्रोफिल, तिसऱ्या चौकटीत कात्रीच्या रूपात इलॅस्टेज आणि तिच्यापासून सुटून बाजूला पडलेले टोपण, चौथ्या चौकटीत तुटलेली भिंत. चौकटीखाली एकच वाक्य लिहावे आणि बाण डावीकडून उजवीकडेच असावेत. कात्री ही उपमा आहे हे कळावे म्हणून तिच्यावर "इलॅस्टेज" हे नाव लिहावे. चौकटी चार का, तीन का नाहीत, असे मुले विचारतात. टोपणाची चौकट गाळली तर धुराची करामत अर्धीच दिसते, हे त्याचे उत्तर आहे.

अक्षरांच्या आकाराबाबत एवढेच, की दोन मीटरवरून वाचायचा मजकूर दीड सेंटीमीटर उंचीचा आणि शीर्षक पाच सेंटीमीटरचे असावे. पूर्ण फलकावर शंभर-सव्वाशेहून अधिक शब्द झाले, तर ते वाचले जात नाहीत.

प्रात्यक्षिक: धुराशिवाय

प्लॅस्टिकच्या बाटलीत कापूस घालून तिच्या तोंडाला पेटती सिगारेट लावायची आणि कापूस पिवळा झालेला दाखवायचा, हा प्रयोग अजूनही सर्रास सुचवला जातो. शाळेत तो करू नये. वर्गात धूर भरतो, दम्याच्या मुलांना त्रास होतो, आग आणि वितळणारे प्लॅस्टिक जवळ येतात, आणि कायद्यानेही अडचण होते. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत, शैक्षणिक संस्थेच्या १०० यार्डांच्या आत त्यांची विक्री करता येत नाही आणि शाळा हे धूम्रपानास मनाई असलेले सार्वजनिक ठिकाण आहे. मग ती सिगारेट मुलाने आणायची कोठून आणि पेटवायची कोठे? सिगारेटऐवजी उदबत्ती लावणे हाही उपाय नव्हे, कारण तिच्या धुरातही सूक्ष्म कण असतातच. याहून मुद्द्याची गोष्ट अशी, की पिवळा कापूस चिकटणारे डांबर दाखवतो, भिंत तुटणे दाखवत नाही. पाहुण्यांना बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावण्याचा खेळही टाळावा. त्यात चक्कर येऊ शकते आणि समोरच्याला दमा आहे की नाही हे आपल्याला माहीत नसते. रिकामी पाकिटे किंवा कंपन्यांची नावेही टेबलावर नसावीत.

त्याऐवजी पहिले प्रात्यक्षिक फेसाचे. दोन्ही बाटल्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर पाणी आणि एक चमचा द्रवसाबण घालून झाकण घट्ट लावावे. पहिली बाटली जोरात हलवून वीस मिनिटे स्थिर ठेवावी. पाहुणे समोर आले की दुसरी बाटली तशीच हलवून पहिलीच्या शेजारी ठेवावी. ताज्या बाटलीतील फेस दुधासारखा पांढरा, इतक्या बारीक बुडबुड्यांचा असतो की ते मोजता येत नाहीत. जुन्या बाटलीतील फेस पारदर्शक झालेला असतो आणि बाटलीच्या भिंतीलगत मोठे, कोनदार कप्पे डोळ्यांनी दिसतात. बाटल्यांवर आधीच काळ्या कागदाची पट्टी चिकटवून तिच्यात २ × २ सेंटीमीटरची खिडकी कापावी आणि खिडकीतले बुडबुडे मोजावेत. आमच्या बाटलीत वीस मिनिटांनी तीसच्या आसपास बुडबुडे उरले होते. साबण बदलला की हा आकडा बदलतो, म्हणून आदल्या दिवशी घरी मोजून पाहावे. फेस दहा मिनिटांतच बसला तर साबण कमी पडला आहे. तासाभरानेही बारीकच राहिला तर साबण जास्त झाला आहे.

येथे विद्यार्थ्याने आपणहून दोन मर्यादा सांगाव्यात. फेसातल्या भिंती पाणी खाली निथळून आणि हवा एका बुडबुड्यातून दुसऱ्यात शिरून नाहीशा होतात, कोणत्याही विकराने नव्हे. तसेच फेसाची एकूण उंचीही थोडी कमी होते. साम्य फक्त आकाराचे आहे: लहान कप्पे एकत्र होऊन मोठे झाले की भिंत घटते.

दुसरे प्रात्यक्षिक लवचिकतेचे. एका नळीला फुगा आणि दुसऱ्या नळीला दुधाच्या पिशवीचे कापलेले टोक रबरबँड व चिकटपट्टीने हवाबंद बसवावे. हातपंपाने दोन्हींत जवळजवळ सारखी हवा भरावी. फुगा मोठ्या संत्र्याएवढा झाला की पुरे. नळ्यांवर बोट ठेवावे आणि दोन्हींवरचे बोट एकदम काढावे. फुगा काही क्षणांत आपणहून रिकामा होतो, पिशवी मात्र फुगलेलीच राहते आणि तिच्यातली हवा दाबून काढावी लागते. निरोगी फुप्फुसातून हवा बाहेर जाण्यासाठी शांत बसलेले असताना स्नायूंचा जोर लावावा लागत नाही, इलॅस्टिन आपोआप आकसते; एम्फिसीमात ते तुटल्याने हवा आतच अडकते. पिशवीही झटकन रिकामी झाली तर बहुधा जोडातून हवा गळत असते. जोड पाण्यात बुडवून पाहिला की बुडबुडे दिसतात. तोंडाने फुंकू देऊ नये, कारण दिवसभरात तीच नळी पन्नास जण तोंडात धरतील. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचलावेत. लहान मुले ते तोंडात घालतात.

परीक्षक जे विचारतात

"हवा अडकते ती फक्त ताण गेल्यामुळे का?" हा चांगल्या परीक्षकाचा प्रश्न. पूर्ण उत्तर असे, की बारीक श्वासमार्गांना भोवतालच्या वायुकोशांच्या भिंती तंबूच्या दोरांसारख्या चहूबाजूंनी ताणून उघडे ठेवतात. दोर तुटले की श्वास सोडताना हे मार्ग मिटतात. म्हणूनच असे रुग्ण ओठ आवळून, फुंकर घातल्यासारखा हळूहळू श्वास सोडताना दिसतात. त्यामुळे आतला दाब थोडा टिकतो आणि मार्ग उघडे राहतात.

"प्रत्येक धूम्रपान करणाऱ्याला हे होते का?" नाही, आणि फलकावर तसे लिहूही नये. "बिडी चालते का?" बिडीतही तंबाखूच जळतो, तेंदूच्या पानाने त्यात फरक पडत नाही. "चुलीच्या धुराचे काय?" चुलीच्या धुरानेही दीर्घकालीन श्वसनरोग होतो, मात्र त्यात श्वासमार्गांचे नुकसान अधिक आणि वायुकोशांचे तुलनेने कमी आढळते. आपल्याकडे हमखास येणारा प्रश्न मशेरी आणि गुटख्याचा असतो. त्यांचे मुख्य नुकसान तोंडाला होते, वायुकोशांत त्यांचा धूर जात नाही, म्हणून ते या फलकाच्या कक्षेबाहेर आहेत. मशेरी तव्यावर भाजताना घरात धूर होतो, तो मात्र श्वासात जातोच.

"सोडल्यावर भिंती परत येतात का?" तुटलेल्या भिंती पुन्हा उभ्या राहत नाहीत. परंतु इंग्लंडमधील फ्लेचर आणि पेटो यांनी १९७७ मध्ये दाखवले, की धूम्रपान सोडल्यावर फुप्फुसाच्या क्षमतेची घसरण पुन्हा धूम्रपान न करणाऱ्याच्या वेगावर येते. हे समजावताना विद्यार्थ्याने उजव्या वर्तुळाकडे बोट दाखवावे: पुसलेल्या १२० रेषा पुसलेल्याच राहतात, पण खोडरबर खाली ठेवला की उरलेल्या १५० वाचतात.

प्रदर्शन दोन दिवसांचे असेल तर फेसाच्या बाटल्यांतले पाणी दुसऱ्या सकाळी बदलावे आणि पहिली बाटली परीक्षक येण्याच्या वीस मिनिटे आधी कोण हलवणार, त्याचे नाव आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवावे.